विजेचं बिल पाचने भागणं थांबवूया : फ्लॅटमधल्या चौघींना खुलं पत्र

चौघींना सप्रेम नमस्कार,

मे महिन्याचं बिल आलंय. ते पुन्हा पाचने भागून ग्रुपवर आकडा टाकण्याआधी हे पत्र वाचा, एवढी विनंती. खुलं पत्र अशासाठी, की भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार-पाच जणी एकत्र राहतात तिथे जवळपास सगळीकडे हाच प्रश्न असतो. आपल्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटमधूनही याबद्दल विचारणा झाली आहे. मी मधल्या खोलीत राहते आणि माझ्या खोलीत एसी नाही. म्हणजे या प्रस्तावाने माझे पैसे वाचतात, हे उघड आहे. म्हणून प्रत्येक आकडा तपासता येईल असा मांडते. जिथे पटणार नाही तिथे अडवा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वापर कमीजास्त झाला तरी जो खर्च बदलत नाही तो समान वाटावा. जो वापराप्रमाणे बदलतो तो मोजून वाटावा. आणि मोजायचा त्रास वाचणाऱ्या पैशांपेक्षा मोठा असेल तिथे मोजूच नये. इंटरनेट पहिल्या प्रकारात येतं, एसी आणि जेवण दुसऱ्या प्रकारात, गीझर तिसऱ्या.

सुरुवात विजेपासून, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. महावितरणचा घरगुती दर सगळ्या युनिटना एकसारखा नसतो. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग आणि ५००च्या पुढे सगळ्यात महाग. ४२० युनिटं वापरली म्हणून सगळी ४२० तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागत नाहीत. पहिली १०० पहिल्याच दराने लागतात, पुढची २०० दुसऱ्या दराने आणि उरलेली १२० तिसऱ्या दराने. वीज आकाराशिवाय दर युनिटला वहन आकार असतो, काही महिन्यांत इंधन समायोजन आकार असतो, महिन्याचा स्थिर आकार असतो आणि या सगळ्यांवर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, त्यामुळे खालच्या हिशेबात मी समजायला सोपे गोल आकडे घेतले आहेत. पहिल्या टप्प्याला ६ रुपये, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १६ (वहन आकार धरून) आणि स्थिर आकार १३० रुपये. प्रत्यक्ष हिशेबाला त्या त्या महिन्याच्या बिलावर छापलेले दर घ्यायचे.

आता आपल्यासारखंच एक बिल घेऊ. एकूण ४२० युनिटं, त्यातली १७० बाल्कनीच्या खोलीतल्या एसीची. म्हणजे रात्रीला साडेपाच-पावणेसहा युनिटं. दीड टनाचा एसी मे महिन्यात रात्रभर चालला तर एवढं होतंच, त्यात उधळपट्टी काही नाही. पूर्ण बिल असं येतं : ६०० अधिक २,४०० अधिक १,९२०, त्यात स्थिर आकार १३०, म्हणजे ५,०५०. त्यावर १६ टक्के शुल्क धरून ५,८५८ रुपये. पाचने भागलं तर प्रत्येकी १,१७२.

हेच बिल एसी नसता तर किती आलं असतं? २५० युनिटं : ६०० अधिक १,८०० अधिक १३०, शुल्क धरून २,९३५ रुपये. दोन्हींतला फरक २,९२३ रुपये, आणि तोच एसीचा खरा खर्च. युनिटांच्या हिशेबाने एसीने ४० टक्के वीज घेतली, पण बिलातले जवळजवळ निम्मे पैसे त्याचे आहेत. कारण एसी सुरू नसता तर बिल तिसऱ्या टप्प्यात गेलंच नसतं.

म्हणून माझी सूचना अशी : दर महिन्याला बिल दोनदा काढायचं, एकदा आलं तसं आणि एकदा एसीची युनिटं वजा करून. वजा केलेलं बिल सगळ्यांचं, फरक एसीवाल्या खोलीचा. त्या खोलीतल्या दोघींनी तो आपसात कसा वाटायचा ते त्यांनीच ठरवावं, आपण तिघींनी त्यात पडू नये. उद्या दुसऱ्या खोलीतही एसी आला तर दोन्ही एसींची युनिटं एकत्र वजा करायची आणि येणारा फरक ज्याच्या त्याच्या युनिटांच्या प्रमाणात वाटायचा. आधी कुणाचा एसी लागला आणि नंतर कुणाचा, हा वाद मग उरत नाही.

यावर बाल्कनीच्या खोलीतून एक हरकत येऊ शकते आणि ती वाजवी आहे : आमचीच युनिटं वरच्या टप्प्यात का धरायची? फ्रीज आणि पंखेही वीजच खातात, मग सगळ्यांना सरासरी दर का नाही? सरासरी दराने पाहू. ५,८५८ भागिले ४२० म्हणजे युनिटला १३ रुपये ९५ पैसे, त्या दराने एसीचे २,३७१ रुपये होतात. माझ्या पद्धतीपेक्षा ५५२ रुपये कमी. ते ५५२ सामाईक बिलात येऊन पाच जणींत वाटले जातात, म्हणजे एसी नसलेल्या प्रत्येकीवर ११० रुपये वाढतात. मला पहिली पद्धत जास्त बरोबर वाटते, कारण एसी हा खोलीने स्वतंत्रपणे घेतलेला निर्णय आहे. पण ऐन उन्हाळ्यात हा वाद डोक्यामागे ११० रुपयांचाच आहे. एसी मोजायचा की नाही, हा वाद मात्र डोक्यामागे पाचशे-सहाशे रुपयांचा आहे. तेव्हा सरासरी दर हवा असेल तर तोही मला चालेल. एसी न मोजणं चालणार नाही.

मोजायचा कसा? सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे एसीच्या लाइनवर छोटा सिंगल फेज सब-मीटर. वायरमन तो एसीच्या एमसीबीनंतर बसवतो, तासाभराचं काम आहे. घरमालकांची परवानगी आधी लेखी घ्यायची, साधा मेसेज पुरतो. महावितरणच्या मीटरला आणि त्याच्या सीलला हात लावायचा प्रश्नच येत नाही, सब-मीटर घराच्या आतच बसतो. दुसरा मार्ग म्हणजे वीज मोजणारा स्मार्ट प्लग. तो घेताना १६ ॲंपिअरचाच घ्यायचा. दिव्यासाठी मिळणारे १० ॲंपिअरचे प्लग एसीला लावले की तासन्‌तास गरम होतात आणि आतून वितळू शकतात. प्लगच्या पिना आणि सॉकेट यांच्या आसपास पिवळट डाग दिसू लागला किंवा प्लास्टिकचा वास आला तर तो लगेच काढायचा.

सब-मीटर बसेपर्यंत अंदाजही बराच जवळचा काढता येतो. खालच्या मीटर रूममध्ये आपल्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ `3200 imp/kWh` असं काहीसं छापलेलं असतं. म्हणजे तो दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आपल्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तोच घ्यायचा. एसी सुरू करून तासाभराने एक मिनिट लुकलुक मोजायची, मग एसी बंद करून पुन्हा एक मिनिट. समजा एसी चालू असताना ७२ आणि बंद असताना १६ आली. फरक ५६. ५६ गुणिले ६० भागिले ३,२०० म्हणजे १.०५, अर्थात एसी तासाला साधारण एक युनिट खातोय. मोजताना एकीने मीटरपाशी आणि एकीने फोनवर घरात थांबावं, आणि त्या दोन मिनिटांत गीझर किंवा मिक्सर कुणी लावू नये. इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर वीज कमी खेचतो, म्हणून सुरू केल्याबरोबर मोजलं तर आकडा फुगतो. रात्री साडेदहा आणि पहाटे पाच अशा दोन वेळा मोजून सरासरी घेतली तर बरं. तरी हा अंदाजच. दोन महिने चालवायला ठीक, वर्षभर नाही.

सब-मीटर असूनही हिशेब चुकतो तो तारखांमुळे. बिल १ तारखेपासून ३१ तारखेपर्यंतचं नसतं. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग यांच्या तारखा बिलावर असतात, समजा १२ ते १२. आपण सब-मीटरचा आकडा १ तारखेला टिपला तर एप्रिलअखेरचा उकाडा भलत्याच महिन्यात जाईल. स्मार्ट प्लगच्या ॲपमध्ये तर हा सापळा आयताच असतो, कारण ते कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे बेरीज दाखवतं. म्हणून रीडिंगच्या तारखेलाच सब-मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. रीडिंग एखाद-दोन दिवस मागेपुढे झालं तर तेवढ्या दिवसांचा सरासरी वापर मिळवायचा किंवा वजा करायचा.

दोनदा बिल काढणं कटकटीचं वाटेल, पण शीटमध्ये एकदा सूत्र घातलं की झालं. A2 मध्ये युनिटं टाकायची :

```
=(MIN(A2,100)*6 + MAX(0,MIN(A2,300)-100)*12
 + MAX(0,MIN(A2,500)-300)*16 + MAX(0,A2-500)*18 + 130)*1.16
```

६, १२, १६, १८ आणि १३० यांच्या जागी बिलावरचे दर येतील, टप्प्यांच्या दरांत वहन आकार आणि त्या महिन्यात असेल तर इंधन समायोजन आकार मिळवून. आधी पूर्ण युनिटं टाकून पाहायचं. उत्तर बिलाच्या रकमेशी चार-पाच रुपयांच्या आत जुळलं तर दर बरोबर भरले आहेत. मग एसीची युनिटं वजा करून पुन्हा काढायचं. पहिलीच रक्कम जुळली नाही तर वाटणी तिथेच थांबवून बिल नीट वाचायचं, कारण त्यात या महिन्याच्या वापराबाहेरचं काहीतरी आलेलं असतं.

ते काय असू शकतं? मागची थकबाकी असू शकते. मुदतीनंतर भरलं तर लागणारा सव्वा टक्का विलंब आकार असू शकतो. तो पैसे उशिरा देणारीने भरायचा. सगळ्यांनी वेळेत देऊनही भरायचं राहिलं, तर ज्या महिन्याला जिच्याकडे बिल भरायचं काम आहे तिने. रीडिंगच घेतलं गेलं नसेल तर सरासरी युनिटांवर बिल येतं, आणि खरं रीडिंग मिळाल्यावर पुढच्या बिलात दुरुस्ती होते. अशा महिन्याचा हिशेब पक्का करायचा नाही. सगळ्यांकडून उचल म्हणून ठरावीक रक्कम घ्यायची आणि खरं बिल आल्यावर दोन्ही महिने एकत्र मिटवायचे. अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल वेगळंच. ते आपल्या वापराचं नाही. मीटर घरमालकांच्या नावावर आहे आणि ठेवही त्यांच्याच खात्यात जमा राहते, म्हणून ते त्यांच्याकडे पाठवायचं. आपण भरलंच तर त्या महिन्याच्या भाड्यातून वळतं करून घ्यायचं, आणि तसं त्यांच्याकडून आधी लिहून घ्यायचं.

एसी बाजूला काढल्यावर सामाईक २,९३५ उरले. इथे छोट्या खोलीतल्या आपल्या मैत्रिणीचा मुद्दा येतो. ती घरूनच काम करते. लॅपटॉप, मॉनिटर आणि पंखा मिळून साधारण १६० वॅट, दिवसाचे नऊ तास, महिन्याचे २२ दिवस. होतात ३१-३२ युनिटं. आपण ३० धरू. दुसऱ्या टप्प्याच्या दराने, शुल्क धरून, साधारण ४२० रुपये. हे तिचे म्हणून आधी वेगळे काढावेत असं मी सुचवते. तिच्या कंपनीकडून घरून कामाचा भत्ता मिळत असेल तर त्यातून जावेत. राहिले २,५१५, प्रत्येकी ५०३. म्हणजे मे महिन्यात मधल्या खोलीतल्या आम्ही दोघी ५०३ प्रमाणे, छोट्या खोलीतली ९२३ आणि बाल्कनीच्या खोलीतल्या दोघी १,९६४ रुपये ५० पैसे प्रमाणे. बेरीज ५,८५८. डिसेंबरात एसी बंद असेल तेव्हा एसीचा फरक आपोआप आटपतो आणि घरून कामाचे पैसे सोडले तर पाचही जणींचे आकडे सारखे होतात.

गीझर मोजू नये असं माझं मत आहे. १५ लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापायला साधारण ०.६ युनिट लागतं, म्हणजे आठ-साडेआठ रुपये. रोज एक टाकी जास्त वापरणारी महिन्याला अडीचशे रुपये जास्त खर्च करते, हे खरं आहे. पण बाथरूमबाहेर वही टांगून टाक्या मोजायला लागलो तर महिनाभरात आपण एकमेकींशी बोलणं बंद करू. तिथे एकच नियम पुरे : अंघोळीआधी वीस मिनिटं लावायचा आणि बाहेर येताना बंद करायचा. फ्रीज, वॉशिंग मशीन, राउटर हे सगळं सामाईकच.

सुट्टीचं काय? चार दिवस गावी गेल्याने सामाईक बिलात फारसा फरक पडत नाही, कारण फ्रीज आणि राउटर चालूच राहतात आणि स्थिर आकारही सुटत नाही. सलग दहा दिवस किंवा जास्त बाहेर असेल तरच सूट धरावी, तीही अर्ध्या भागावर. म्हणजे सामाईक रकमेचा अर्धा भाग समान आणि अर्धा हजर दिवसांप्रमाणे. ३१ दिवसांच्या महिन्यात एखादी १५ दिवसच घरी असेल तर वरच्या हिशेबात तिला ५०३ ऐवजी ३८७ पडतील. पूर्ण रक्कम दिवसांवर वाटली तर उरलेल्या चौघींना तिच्या वाट्याचा फ्रीज चालवावा लागतो.

इंटरनेटवर फार लिहायला नको. कुणी रात्रभर मालिका पाहिली काय आणि कुणी फक्त मेल पाहिले काय, बिल तेवढंच येतं. म्हणून पाच समान वाटे, सुट्टीची सूट नाही. दोन गोष्टी मात्र ठरवायला हव्यात. कामासाठी कुणाला वरचा प्लॅन हवा असेल तर दोन प्लॅनमधला फरक तिचा. आणि प्लॅन बदलण्याआधी लॅपटॉप एकदा राउटरजवळ नेऊन वेग तपासावा. तिथे वेग पूर्ण आणि खोलीत तुटक असेल तर दोष भिंतींचा आहे. वरच्या प्लॅनने तो जाणार नाही, खोलीपर्यंत केबल टाकली तर जाईल. दुसरी गोष्ट वार्षिक प्लॅनची. तो स्वस्त पडतो, पण मधेच खोली सोडणारीचं काय? समजा ९,००० आणि १८ टक्के जीएसटी मिळून १०,६२० झाले, प्रत्येकी २,१२४, म्हणजे महिन्याला १७७. सात महिन्यांनी कुणी गेली तर उरलेल्या पाच महिन्यांचे ८८५ रुपये तिला तिच्या जागी येणारीने द्यायचे. जागा रिकामी राहिली तर तेवढे महिने आपण चौघींनी वाटून घ्यायचे. राउटरची अनामत जिने भरली तिच्या नावापुढे शीटमध्ये लिहून ठेवायची. ती कुणाची हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

आता किराणा. इथे पाचने भागणं सगळ्यात जास्त खटकतं, कारण आपल्यातली एक महिन्याचे वीसेक दिवस बाहेर जेवते आणि एक रोज घरी. मेसमध्ये खाडे धरतात, तसंच आपणही धरूया. फक्त उलट बाजूने : न जेवलेले दिवस मोजण्यापेक्षा जेवलेली ताटं मोजायची. फ्रीजवर महिन्याचा तक्ता, पाच नावं, जेवलं की आपल्या नावापुढे रेघ. दुसऱ्या दिवशी ऑफिसला नेलेला डबा हेही एक ताट. सकाळचे पोहे-उपमा अर्धं ताट. पाहुणी आली तर तिचं ताट जिची पाहुणी तिच्या नावावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं : रात्री जेवणार नसू तर दुपारी चारपर्यंत ग्रुपवर कळवायचं, म्हणजे स्वयंपाकाच्या मावशींना पोळ्यांचा आकडा वेळेत सांगता येईल. न कळवता जेवायला आली नाही तरी ताट धरलं जाईल, कारण कणीक मळून झालेली असते.

हिशेब कसा पडतो ते पाहा. समजा महिन्याला जेवणाचा खर्च ६,६०० झाला. त्यात तांदूळ, कणीक, डाळी, तेल, मसाले, भाजी, दही आणि गॅस धरला आहे. ताटं झाली २६, २४, २८, १२ आणि ३०, एकूण १२०. ताटाला ५५ रुपये. बारा ताटंवालीचे ६६० होतात आणि तीस ताटंवालीचे १,६५०. पाचने भागलं असतं तर दोघींनी १,३२० दिले असते. मावशींचा पगार मात्र ताटांवर वाटायचा नाही. तो खाडे झाले म्हणून कमी होत नाही, म्हणून समान. भांडी घासायचा साबण, फिनेल, कचऱ्याच्या पिशव्या, कपडे धुण्याची पावडर हेही समान.

ताटं नीट लिहिली जातात की नाही, हे सामानावरून ताडता येतं. एका ताटाला साधारण ७० ग्रॅम तांदूळ, ९० ग्रॅम कणीक, ३५-४० ग्रॅम डाळ आणि १५ मिलिलिटर तेल लागतं. १२० ताटांना साडेआठ किलो तांदूळ, अकरा किलो कणीक, साडेचार किलो डाळ आणि पावणेदोन-दोन लिटर तेल. पाचही जणी भात आणि पोळी दोन्ही खातात असं धरून हा अंदाज आहे. पंधरा किलो कणीक संपली आणि ताटं १२०च असतील तर डबे लिहायचे राहिलेत किंवा पोळ्या उरून टाकल्या जाताहेत. दोन्ही गोष्टी कळलेल्या बऱ्या.

या पद्धतीची एक अडचण आधीच सांगते. २९ तारखेला कुणी पाच लिटर तेल आणि दहा किलो तांदूळ आणला की त्या महिन्यात ताट ७० रुपयांना पडतं आणि पुढच्या महिन्यात ४० ला. ज्या महिन्यात जी जास्त जेवली तिला उगाच फटका बसतो. दर महिनाअखेर डबे वजन करत बसणं हा त्यावर उपाय नव्हे. पाचशे रुपयांवरची एक वस्तू असेल तर तिची रक्कम शीटमध्ये दोन महिन्यांत अर्धी-अर्धी टाकायची, आणि दीड महिन्यापेक्षा जास्त पुरेल एवढं काही सामाईक पैशातून आणायचं नाही. डबे मोजायचे ते फक्त कुणी फ्लॅट सोडताना किंवा नवी येताना. तेव्हाही तांदूळ, कणीक, डाळ, तेल आणि गॅस एवढंच. मोहरी-हळद मोजायची गरज नाही.

चिकन-मासे आणतील त्यांचे पैसे खाणाऱ्यांत वाटायचे. त्या दिवशी भात-पोळी सामाईक खाल्ली तर रेघ नेहमीसारखी मारायची. शाकाहारी दोघींसाठी वेगळं पनीर आलं तर त्यालाही हाच नियम, नाहीतर एका बाजूला न्याय आणि दुसऱ्या बाजूला सूट असं होईल. दूध ताटांत घेऊ नये. चहाचं अर्धा लिटर सामाईक, आणि जिला शेकसाठी रोज अर्धा लिटर लागतं तिने तिची पिशवी स्वतंत्र लावावी. चीज, नूडल्स, प्रोटीन पावडर, विशेष बिस्किटं ही ज्याची त्याची. त्यासाठी फ्रीजमधला सगळ्यात वरचा कप्पा आणि कपाटातला एक खण नावं घालून वाटून घेऊ. न विचारता संपलेल्या चीजवरून होणारी कुरबुर कुठल्याच शीटमध्ये बसत नाही.

ॲपवरून घरपोच मागवताना सामाईक आणि खाजगी सामान एकाच ऑर्डरमध्ये येतं, कारण ठरावीक रकमेवर डिलिव्हरी फुकट असते. हरकत नाही. बिलाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी टाकायचा आणि खाजगी वस्तूंवर फुली मारायची. चार दिवसांनी कोथिंबीर कुणाची आणि शाम्पू कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. त्याच दिवशी टाकला नाही तर ती रक्कम धरली जाणार नाही, एवढं कडक राहावं असं मला वाटतं. दुकानदाराकडच्या चिठ्ठीलाही तेच.

पैसे फिरवण्याची पद्धत सोपी ठेवू. शीटमध्ये जिने जे भरलं ते तिच्या नावावर जमा, तिच्या वाट्याला जे आलं ते खर्च, आणि वीजबिल आल्यावर दोन्हींतला फरक एकाच यूपीआय व्यवहारात. प्रत्येक भाजीच्या जुडीमागे तेवीस-तेवीस रुपये पाठवणं बंद. शीट एकीनेच लिहावी, बाकीच्या चौघींनी नुसती पाहावी, आणि दर तीन महिन्यांनी लिहिणारी बदलावी. पहिले तीन महिने मी लिहायला तयार आहे. पण मला या पद्धतीत फायदा आहे म्हणून बाल्कनीच्या खोलीतल्या कुणीतरी प्रत्येक महिन्याचा हिशेब तपासावा, अशी माझी अट आहे.

रविवारी सकाळी अकराला सगळ्या घरी आहोत. तेव्हा तीन गोष्टींवर प्रत्येकीचं हो किंवा नाही हवं : एसीसाठी फरकाची पद्धत की सरासरी दर, घरून कामाची ३० युनिटं मान्य की नाही, आणि सब-मीटरचा खर्च पाच जणींनी करायचा की त्या खोलीने. शेवटच्याबद्दल माझं मत पाच जणींनी करावा असं आहे, कारण मोजण्याची मागणी आमची आहे, आणि आपण फ्लॅट सोडू तेव्हाही मीटर तिथेच राहील. घरमालकांना पाठवायचा मेसेज मी लिहून ठेवते. होकार आला तर पुढच्या रीडिंगच्या तारखेआधी वायरमनला बोलावता येईल. या महिन्याचं बिल मात्र जुन्याच पद्धतीने, पाच समान वाट्यांनी भरूया. मागच्या महिन्यांचं काही उकरायचं नाही.

तुमची,
मधल्या खोलीतली